‘डायनॅमिक उमेदवार पाहिजे’ या जाहिरातीतून खरं काम कसं शोधायचं

कारखान्यात किंवा कार्यालयात भरतीचं काम नव्याने अंगावर आलं, की पहिल्याच आठवड्यात साहेबांकडून एक जुनी जाहिरात हातात पडते आणि ‘हीच टाकून दे, पदाचं नाव बदल’ असं सांगितलं जातं. त्या जाहिरातीचं काय करायचं, यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला एक प्लास्टिक चटईचा कारखाना धरू. कारखाना काल्पनिक आहे, पण तिथून चटयांचे बंडल गाड्यांत भरून नागपूर, इंदूर, सुरतकडे जातात, आणि तो माल वेळेवर बाहेर काढणारा माणूस हवा आहे. जाहिरात अशी:

*पाहिजे: डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह. डायनॅमिक, सेल्फ-स्टार्टर व रिझल्ट-ओरिएंटेड उमेदवार. डिस्पॅचची एंड-टू-एंड ओनरशिप. उत्तम कम्युनिकेशन स्किल्स. फास्ट-पेस्ड वातावरणात प्रेशर हँडल करण्याची क्षमता. टीम प्लेयर. कोणत्याही शाखेचा पदवीधर, ३ ते ५ वर्षांचा अनुभव. योग्य उमेदवारास पगाराची मर्यादा नाही.*

ही वाचून ज्याने कधी गाडी भरून घेतली नाही तोही अर्ज करतो, कारण आपण डायनॅमिक नाही असं कोणालाच वाटत नाही. उलट दहा वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवून घेतलेला माणूस ‘पदवीधर’ शब्दापाशी थांबतो आणि जाहिरात बाजूला ठेवतो. निवडलेला मुलगा संगणकावरचं काम समजून येतो. दुपारी तीनला त्याला गाडीपाशी उभं राहून बंडल मोजायला लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात तो येणं बंद करतो. मग पुन्हा तीच जाहिरात.

असे शब्द बदलायला बसलं की नवखा माणूस शब्दकोश शोधतो: ‘ओनरशिप’ म्हणजे जबाबदारी, ‘सेल्फ-स्टार्टर’ म्हणजे स्वयंप्रेरित. मराठी झालं, पण काम होतं तितकंच धूसर राहिलं. गुळगुळीत शब्द आला, की बहुतेक वेळा त्याच्या मागे कंपनीने न घेतलेला एखादा निर्णय असतो. ‘ओनरशिप’ लिहिलं जातं, कारण कोणी काय करायचं हे ठरलेलं नसतं. ‘प्रेशर’ लिहिलं जातं, कारण दोन साहेब एकाच गाडीबद्दल दोन हुकूम देतात. तो निर्णय आधी करून घ्यायचा आणि मग लिहायला बसायचं.

पहिली पायरी: वाक्य उलटं करून पाहा

जाहिरातीतला प्रत्येक शब्दसमूह वेगळ्या ओळीवर लिहा. वरच्या मजकुरातून नऊ-दहा ओळी निघतात. प्रत्येक ओळीसमोर तिचा उलटा अर्थ लिहा. ‘डायनॅमिक’ च्या समोर ‘मंद’, ‘टीम प्लेयर’ च्या समोर ‘कोणाशी न जमणारा’. मग स्वतःला विचारा: हे उलटं वाक्य एखादी कंपनी मनापासून जाहिरातीत छापेल का? कोणीच ‘मंद उमेदवार पाहिजे’ छापणार नाही. ज्याचं उलटं कोणीच मागणार नाही, ते वाक्य कोणालाही गाळत नाही आणि कोणाला काही सांगतही नाही.

आता ‘महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत रात्री आठपर्यंत थांबावं लागेल’ हे उलटं करा: ‘रोज सहाला सुटी’. असं छापणाऱ्या कंपन्या आहेत. म्हणजे या वाक्यात खरी माहिती आहे. जाहिरातीत असलीच वाक्यं उरली पाहिजेत.

उलटून पाहिल्यावर आपल्या उदाहरणात ‘डायनॅमिक’, ‘सेल्फ-स्टार्टर’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ आणि ‘टीम प्लेयर’ निकामी ठरतात. पण ते लगेच खोडू नका, नुसती खूण करा. साहेबांनी ते शब्द का घातले असतील याचा पत्ता पुढच्या पायरीत लागतो. आधीच्या माणसाला प्रत्येक गोष्ट सांगावी लागत होती, म्हणून ‘सेल्फ-स्टार्टर’ आलेलं असतं. कोणती गोष्ट सांगावी लागत होती, हे समजलं की तिथेच एक काम सापडतं.

दुसरी पायरी: तीन माणसांना मागच्या आठवड्याबद्दल विचारा

माहिती तीन ठिकाणी असते: हे काम सध्या करणाऱ्याकडे, त्याच्या साहेबांकडे, आणि त्याच्या कामावर ज्याचं काम अडतं त्याच्याकडे. आपल्या कारखान्यात हा तिसरा माणूस म्हणजे बिलं करणारे अकाउंटंट. नवे लोक नेमकं त्यांना विचारत नाहीत, आणि सगळ्यात कामाची माहिती बहुधा तिथेच असते. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास पुरतो.

‘या कामात काय काय करावं लागतं?’ असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येतं: ‘सगळंच बघावं लागतं हो.’ मागच्या आठवड्याचं विचारा. सोमवारी आल्यावर सगळ्यात आधी काय हातात घेतलं? मग कोणाला फोन केला? गाडी किती वाजता लागली? त्या दिवशी किती गाड्या गेल्या? दुपारी कुठे होता? हात चालू लागला की माणूस आपोआप क्रियापदांत बोलतो, आणि तीच क्रियापदं आपल्याला हवी असतात.

मग दोन प्रश्न आणखी. अलीकडे काय बिघडलं होतं, आणि ते कोणी, कसं निस्तरलं? अलीकडे काय विशेष चांगलं झालं, आणि नेमकं काय केल्यामुळे? प्रसंगावरून काम ओळखण्याची ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीचं काम करताना त्यांच्या गटाने ती घडवली होती. तत्त्व सोपं आहे: माणूस कसा असावा हे न विचारता त्याने काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला हे विचारायचं.

आपल्या कारखान्यात अकाउंटंट असा प्रसंग सांगतात, असं समजा: संध्याकाळी इंदूरचा माल भरायचा होता. बिल झालं, जीएसटीच्या पोर्टलवरून काढायचं ई-वे बिलही झालं, त्यात गाडीचा नंबर टाकला होता. ऐनवेळी ट्रान्सपोर्टवाल्याने ती गाडी न पाठवता दुसरी पाठवली. माल भरला आणि गाडी निघाली, पण ई-वे बिलात जुनाच नंबर राहिला. अकाउंटंट सहाला घरी गेले होते आणि डिस्पॅचच्या माणसाला पोर्टलचा पासवर्डच दिलेला नव्हता. गाडी तपासणीत सापडली असती तर कागद आणि गाडी जुळली नसती, आणि माल अडकून दंड भरावा लागला असता. सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून वाचलो.

या एका प्रसंगात ‘एंड-टू-एंड ओनरशिप’ चा सगळा अर्थ सामावला आहे, तो पुढे उलगडू.

एक सावधगिरी. सध्याचा माणूस नोकरी सोडून जात असेल, तर त्याने राजीनामा दिल्यावर पहिल्याच दिवशी त्याला गाठा, शेवटच्या दिवशी नाही. शेवटच्या दिवशी तो निरोपसमारंभात आणि हिशेबात गुंतलेला असतो. शिवाय त्याच्या अंगावर येऊन पडलेली कामंही तो यादीत सांगेल. साहेबांची मुलं शाळेतून आणणं हे त्या पदाचं काम नव्हे, तो माणूस नाही म्हणू शकला नाही इतकंच.

तिसरी पायरी: ‘ओनरशिप’ चे तुकडे करा

नीट लिहिलेल्या कामाच्या वाक्यात चार गोष्टी असतात: काय करायचं, कशावर करायचं, कधी किंवा किती वेळा, आणि ते झालं हे कशावरून कळणार. पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, ती म्हणजे निर्णय कुठवर स्वतः घ्यायचा आणि कुठून पुढे विचारायचं. ‘ओनरशिप’ हा शब्द याच पाचव्या गोष्टीवर पांघरूण घालतो. जबाबदारी पूर्ण दिलेली असते, अधिकाराचा मात्र उल्लेखच नसतो.

ई-वे बिलाचा प्रसंग घेऊ. ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: करपात्र माल परराज्यात जाताना किंमत ५० हजारांच्या वर असेल, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवर ई-वे बिल काढावं लागतं. त्याचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये माल आणि बिलाची माहिती, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. गाडी बदलली तर भाग ब नव्याने भरायचा. भाग अ मधली चूक मात्र दुरुस्त करता येत नाही, २४ तासांच्या आत ई-वे बिल रद्द करून नवं काढावं लागतं. मुदत अंतरावर असते, साधारण मालवाहतुकीला प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस. नागपूर जळगावपासून चारशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून तिथल्या गाडीला तीन दिवस मिळतात. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवून घ्यावी लागते.

हे समजल्यावर निर्णयाचे प्रश्न आपोआप पुढे येतात. भाग अ कोण भरणार? भाग ब कोण? संध्याकाळी सहानंतर गाडी बदलली तर कोण बदल करणार, आणि त्याच्याकडे पोर्टलचं वेगळं लॉगिन असेल का? गाडी वाटेत थांबली आहे हे कोणाला कळणार? हे प्रश्न घेऊन साहेब आणि अकाउंटंट यांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवा. वेगवेगळं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल. आपल्या उदाहरणात असं ठरलं म्हणा: बिल आणि भाग अ अकाउंटंट करतील, भाग ब डिस्पॅचचा माणूस भरेल, त्याच्यासाठी पोर्टलवर वेगळं उप-लॉगिन काढायचं. आता वाक्य लिहिता येतं:

‘गाडी फाटकाबाहेर जाण्याआधी ई-वे बिलातला गाडीचा नंबर समोरच्या गाडीशी ताडून पाहणे. गाडी बदलली असेल तर भाग ब स्वतः बदलणे. बिलाची रक्कम किंवा माल चुकला असेल तर गाडी थांबवून अकाउंटंटना कळवणे.’

या वाक्यावरून उमेदवाराला काम समजतं, आणि सहा महिन्यांनी काम झालं की नाही हेही तपासता येतं. ‘ओनरशिप’ तपासता आली नसती.

अशाच रीतीने गाडी ठरवण्याचा अधिकार पक्का करा. ठरलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी दिली नाही तर दुसरीकडून जास्त भाड्याने घ्यायची का? किती जास्त? ‘ठरलेल्या भाड्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत स्वतः, त्यापुढे साहेबांना विचारून’ असा आकडा पडला की रोजचे फोन निम्म्यावर येतात. आकडा कंपनीने ठरवायचा आहे. तुमचं काम तो काढून घेण्याचं.

‘प्रेशर’ म्हणजे नक्की काय

या शब्दाला वेगळी जागा द्यावी लागते, कारण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली म्हणजे कामाचा चढउतार. एरवी दिवसाला दोन-तीन गाड्या, महिनाअखेरीला सहा-सात. दिवाळीआधी तेच, लग्नसराईआधी तेच. हे खरं आहे, टाळता येत नाही आणि उमेदवाराला सांगायलाच हवं. ते आकड्यांत सांगा: किती दिवस, किती वाजेपर्यंत, त्या जादा वेळेचे पैसे मिळतात का. भुसावळ, पाचोरा, एरंडोलहून रोज ये-जा करणाऱ्यांना रात्री आठ आणि साडेनऊ यांतला फरक म्हणजे शेवटची गाडी मिळणं किंवा चुकणं. ‘प्रेशर हँडल करणे’ वाचून त्यांना हे कळत नाही. ते कळतं तिसऱ्या महिन्यात, मग ते नोकरी सोडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीतला गोंधळ. नागपूरची गाडी अर्धी भरली आहे आणि विक्रीवाले फोन करून सांगतात, ‘आधी सुरतचं काढ.’ दहा मिनिटांनी साहेब म्हणतात, ‘नागपूर का थांबलं?’ हमाल रिकामे बसतात आणि ड्रायव्हर थांबण्याचे पैसे मागतो. इथे कितीही शांत डोक्याचा माणूस आणला तरी हेच होणार. हा गोंधळ उमेदवाराचा ‘गुण’ म्हणून जाहिरातीत मागणं चुकीचं आहे. साहेबांकडून एक नियम करून घ्या: उद्याच्या गाड्यांचा क्रम आज संध्याकाळी पाचला पक्का होईल, आणि त्यानंतर तो फक्त एकच माणूस बदलू शकेल. मग कामाच्या यादीत ‘दुसऱ्या दिवसाचा गाड्यांचा क्रम रोज पाचपर्यंत साहेबांकडून मंजूर करून घेणे’ असं वाक्य येतं आणि ‘प्रेशर’ निघून जातं.

साहेब नियम करायला तयार नसतील तर निदान ते जाहिरातीत लपवू नका. ‘भरण्याचा क्रम दिवसात दोन-तीनदा बदलतो’ हे स्पष्ट लिहिलं तर ज्याला ते चालतं तोच येईल. कमी अर्ज आले तरी हरकत नाही.

‘कम्युनिकेशन स्किल्स’

विचारा: कोणाशी, कशाबद्दल, कोणत्या भाषेत, तोंडी की लेखी? आपल्या कारखान्यात उत्तर असं निघतं: इंदूर-सुरतच्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी आणि ड्रायव्हरशी फोनवर हिंदीत. हमालांशी मराठीत, त्यांच्यात कोणी अहिराणी बोलतं, कोणी तावडी, पण त्यावरून कोणाचं अडत नाही, म्हणून ती अट घालायची नाही. ग्राहकाला गाडी निघाली की व्हॉट्सअॅपवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, बिल्टी आणि बिलाचा फोटो पाठवायचा. इंग्रजी फक्त बिल वाचण्यापुरतं.

म्हणजे ‘उत्तम कम्युनिकेशन’ च्या जागी ‘फोनवर हिंदी बोलता यावी, इंग्रजी बिल वाचता यावं’ एवढं पुरतं. ज्याला इंग्रजी मुलाखतीची भीती होती आणि कामाला तो अगदी योग्य होता, असा माणूस आता अर्ज करेल.

चौथी पायरी: वेळेचं वजन

कामांची यादी झाली की प्रत्येकासमोर आठवड्यातले तास लिहा आणि बेरीज करा. ४८ तासांच्या आठवड्यात आपल्या उदाहरणाची विभागणी अशी पडते: गाडीपाशी उभं राहून माल मोजून भरून घेणं १८ तास, बिल-बिल्टी-ई-वे बिलाची जुळवाजुळव १० तास, गाड्या ठरवणं आणि फोन ८ तास, माल पोहोचल्याच्या पोचपावत्या मागवणं ६ तास, तयार मालाची मोजदाद ४ तास, बाकी किरकोळ २ तास. बेरीज बरोबर ४८.

बेरीज ६५ आली तर ते एका माणसाचं काम नाही. हे साहेबांना कागदावर दाखवा, तोंडी सांगितलेलं टिकत नाही. बेरीज ३० आली तर काहीतरी विचारायचं राहून गेलं आहे, किंवा ते पद निम्म्या वेळेचं आहे.

विभागणीचा दुसरा फायदा क्रमात दिसतो. सगळ्यात जास्त वेळ गाडीपाशी जातो, म्हणून जाहिरातीत तेच वाक्य पहिलं यायला हवं. जुन्या मजकुरात त्याचा उल्लेखच नव्हता. रुबाबदार दिसावं म्हणून लोक संगणकाचं काम वर आणि अंगमेहनतीचं खाली लिहितात, आणि तिथेच फसवणूक सुरू होते. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो, त्या उन्हात पत्र्याखाली दोन तास उभं राहणं हा कामाचा भाग असेल तर तो आधी कळू द्या.

‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ ही ओळ ठेवायची असेल तर मर्यादा घालून ठेवा: ‘आठवड्यात २ तासांपर्यंत गोदामाशी संबंधित इतर कामे’. मर्यादा नसेल तर सहा महिन्यांत बाकीची यादीच त्या ओळीत विरघळते.

पाचवी पायरी: पात्रता कामातून काढा, हवेतून नाही

यादी पक्की होण्याआधी पात्रतेला हात लावू नका. प्रत्येक अटीसमोर ती कोणत्या कामासाठी लागते ते लिहा. काम सापडलं नाही तर अट निघाली.

‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ घ्या. कोणतीही शाखा चालते, म्हणजे त्या शाखेतलं काहीच या कामाला लागत नाही. साहेबांना विचारलं तर उत्तर येतं, ‘हिशेब जमला पाहिजे, कागद नीट ठेवले पाहिजेत.’ मग तेच लिहा: बंडल, नग आणि वजन यांची बेरीज-गुणाकार चुकू नये, एक्सेलमध्ये तयार तक्ता भरता यावा. बारावीपर्यंत शिकलेल्या माणसालाही हे येऊ शकतं, आणि पदवीधरालाही येत नसू शकतं.

‘३ ते ५ वर्षांचा अनुभव’ या आकड्याचंही तसंच. पाच वर्षं फक्त गेटवर नोंदवही लिहिलेल्याचा अनुभव आणि एक वर्ष रोज गाड्या भरून घेतलेल्याचा अनुभव सारखा नाही. अनुभव वर्षांत न मोजता केलेल्या कामात मोजा: ‘एका गाडीत दोन किंवा जास्त ठिकाणचा माल भरून घेतलेला असावा’. हे का, तर ज्या गावचा माल शेवटी उतरायचा तो आधी, आत भरावा लागतो. उलटं झालं तर वाटेत निम्मी गाडी रिकामी करावी लागते. हे ज्याने केलं आहे त्याला सांगावं लागत नाही.

उरलेल्या अटी दोन गटांत टाका. पहिल्या दिवशी यायलाच हवं ते, आणि दोन-तीन आठवड्यांत शिकवता येतं ते. ई-वे बिलाचा भाग ब भरणं हे चार-पाच गाड्यांत हाताला बसतं. ते दुसऱ्या गटात. फोनवर हिंदी बोलणं तीन आठवड्यांत येत नाही, ते पहिल्या गटात. पहिल्या गटात पाचाहून जास्त अटी झाल्या तर पुन्हा तपासा. बहुधा कोणीतरी आपल्या सगळ्यात चांगल्या जुन्या माणसाचं चित्र काढत बसलेलं असतं, आणि तो माणूसही नोकरीला लागला तेव्हा असा नव्हता.

‘फक्त पुरुष उमेदवार’ ही ओळ या पदांसाठी सर्रास येते. १९७६ च्या समान मोबदला कायद्याने त्याच किंवा तशाच कामाच्या भरतीत स्त्रियांबाबत भेद करायला मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही भरतीतल्या लिंगभेदाला मनाई आहे. त्या ओळीमागचं कारण विचारलं तर ‘रात्री उशीर होतो’ किंवा ‘बंडल उचलावे लागतात’ असं सांगतात. पहिलं कारण वेळ लिहून सांगता येतं. दुसरं तपासा: बंडल हमाल उचलतात, हा माणूस मोजतो. मग उचलण्याची अटच उरत नाही.

पगार

‘पगाराची मर्यादा नाही’ ही ओळ खरी कधीच नसते. साहेबांच्या डोक्यात आकडा असतोच. तो काढा आणि किमान-कमाल लिहा. शिवाय भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी आणि व्यवसाय कर वजा होऊन हातात साधारण किती येईल ते वेगळं लिहा. ‘सीटीसी’ चा आकडा वाचून आलेला माणूस पहिल्या पगाराच्या दिवशी हिशेब करतो, आणि तिथे फसल्यासारखं वाटलं की मन उडतं.

नवा मजकूर

सगळं जमवल्यावर जाहिरात अशी होते. आकडे तुमच्या कारखान्याचे घाला.

*माल रवानगी सहायक पाहिजे, प्लास्टिक चटई कारखाना, एमआयडीसी, जळगाव.*

*काम: रोज २ ते ३ गाड्यांमध्ये यादीप्रमाणे बंडल मोजून भरून घेणे (कामाचा सर्वात जास्त वेळ यात जातो, गाडीपाशी उभं राहून). उद्याच्या गाड्यांचा क्रम रोज ५ पर्यंत मंजूर करून घेणे आणि ट्रान्सपोर्टकडून गाड्या ठरवणे. ठरलेल्या भाड्याच्या १० टक्के वरपर्यंत निर्णय स्वतः. गाडी निघण्याआधी बिल, बिल्टी आणि ई-वे बिलातला गाडीचा नंबर ताडून पाहणे, गाडी बदलल्यास भाग ब भरणे. गाडी निघाल्यापासून एका तासात ग्राहकाला तपशील पाठवणे. माल पोहोचल्यावर ७ दिवसांत पोचपावती मिळवून अकाउंट्सला देणे. दर शनिवारी तयार मालाची मोजदाद.*

*आलंच पाहिजे: फोनवर हिंदी, बिल वाचण्यापुरतं इंग्रजी, न चुकता बेरीज-गुणाकार, एकाच गाडीत दोन ठिकाणचा माल भरून घेतल्याचा अनुभव. शिकवू: ई-वे बिल, आमचा एक्सेल तक्ता. पदवीची अट नाही.*

*वेळ: ९ ते ६, आठवड्याला एक सुटी. महिन्याच्या शेवटच्या ४ दिवसांत ६-७ गाड्या असतात आणि रात्री ८ पर्यंत थांबावं लागतं, जादा वेळेचे पैसे वेगळे. पगार: किमान … ते कमाल …, हातात साधारण …*

जुन्यापेक्षा हा मजकूर लांब आहे. साहेब म्हणतील, ‘इतकं कोण वाचतं?’ ज्याला हे काम येतं तो वाचतो, कारण त्याला यात आपलं काम दिसतं.

तपासणी

छापण्याआधी मजकूर दोघांना द्या. एक, ज्याने हे काम कधी केलेलं नाही अशा कोणालाही: दुसऱ्या विभागातला सहकारी, घरातलं कोणी. त्याला वाचून कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, ‘तू सोमवारी कामावर आलास, दुपारपर्यंत काय करशील?’ तो जिथे अडखळतो ते वाक्य अजून धूसर आहे. दोन, सध्या काम करणाऱ्याला. त्याला एकच विचारा: यात काय नाही? बहुधा तो एखादी अगदी छोटी गोष्ट सांगेल, पावसाळ्यात ताडपत्री बांधून घेतली की नाही ते पाहणं, अशी. ती यादीत घाला. भिजलेला माल परत येतो तेव्हा नुकसान याच गोष्टीमुळे झालेलं असतं.

मुलाखतीलाही हीच यादी वापरा. ‘तुम्ही दडपण कसं हाताळता?’ विचारण्याऐवजी उमेदवाराच्या हातात एक कागद द्या: भुसावळ, मलकापूर आणि अकोल्याच्या ऑर्डरी, प्रत्येकी किती बंडल, एक गाडी आणि तिच्यात किती बंडल मावतात तो आकडा, ऑर्डरींच्या बेरजेपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला. भरण्याचा क्रम लिहायला सांगा. दहा मिनिटं पुरतात. माल अकोल्याचा आधी आत आणि भुसावळचा शेवटी दाराशी आला, आणि बंडल गाडीत मावत नाहीत हे त्याने आपणहून सांगितलं, तर तो काय करू शकतो हे तुम्हाला समजलं.